को-ट्रायमोक्साझोल: आईच्या सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आई ६८ वर्षांची, राहायला पाचपाखाडीत. रक्तवाहिन्यांच्या दाहासाठी तिला मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू झालं, तेव्हा न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया होऊ नये म्हणून ही गोळी आली: रोज एक, ट्रायमेथोप्रिम ८० आणि सल्फामेथॉक्साझोल ४०० मिलिग्रॅम. त्या न्यूमोनियापासून ती आजवर सुरक्षित आहे, म्हणून औषधाबद्दल माझं मत चांगलंच आहे. पण रक्त तपासत राहायची तयारी असेल तरच.

आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू होतं. डॉक्टरांनी आठवड्याच्या आत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करायला सांगितलं होतं. पोटॅशियम आलं ५.८. तिला काहीच जाणवत नव्हतं, आणि हेच मला भीतीदायक वाटलं. पोटॅशियम वाढलं तरी बरेचदा काही कळत नाही, फार वाढलं तर थेट हृदयाचे ठोके बिघडतात. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो, म्हणून त्याच दिवशी नमुना पुन्हा घेतला, ईसीजीही काढला. ईसीजी नीट होता, आकडा मात्र खराच निघाला.

कारण डॉक्टरांनी नीट समजावलं. ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडात सोडियम परत शोषणारी वाट अडवतं, त्यामुळे पोटॅशियम लघवीतून बाहेर पडत नाही. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन हीसुद्धा पोटॅशियम शरीरातच ठेवतात. दोन्ही एकत्र आली, वय जास्त असलं किंवा किडनी कमजोर असली, की आकडा चढतो. आईचं टेल्मिसार्टन बंद करून अ‍ॅम्लोडिपिन दिलं. घरातलं ‘कमी सोडियम’चं मीठ थांबवलं, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. शहाळ्याचं पाणीही बंद. गोळी चालूच ठेवली. काही दिवसांनी आकडा ५.१ आणि पुढे ४.६. क्रिएटिनिन किंचित वाढलेलं राहिलं. हे औषध त्याचं उत्सर्जन अडवतं, त्यामुळे किडनीला इजा न होताही तेवढं वाढू शकतं. पण ते स्थिर आहे ना, हे बघत राहावं लागतंच.

पुरळाची धास्ती पहिल्या काही आठवड्यांत जास्त असते. आईला आलं नाही. अंगावर पुरळ दिसलं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना विचारायचं. सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल किंवा कातडी सोलवटणं असेल तर वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठायचं. सल्फाची अ‍ॅलर्जी आधी झालेली असेल तर ही गोळी नकोच.

शेजारच्या काकूंनी लघवीच्या जळजळीसाठी आईच्या पाकिटातल्या दोन गोळ्या मागितल्या होत्या. त्यांना संधिवातासाठी आठवड्याला मेथोट्रेक्सेट असतं. दोन्ही औषधं फोलेटच्या कामात अडथळा आणतात, त्यात मेथोट्रेक्सेट शरीरात साठतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट धोकादायक घसरू शकतात. मी दिल्या नाहीत. आईचा सीबीसीही ठरावीक अंतराने होतो तो याचसाठी. फोलेटच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया, जी६पीडीची कमतरता, गरोदरपण, यकृत-किडनीचा गंभीर आजार किंवा वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला सहसा देतच नाहीत.