जीटीए फाइव्ह की एल्डन रिंग: शिक्का एकच, आतला माल वेगळा

नववीतलं पोरगं जीटीए फाइव्ह हा व्हिडिओ गेम मागतं. आपण शिक्का बघतो, 'एम' म्हणजे सतरा वर्षांपुढे, आणि 'नाही' म्हणून मोकळे होतो. पोरगं मात्र वकिली करून आलेलं असतं. "मग विश्रामबागेतल्या मित्राला त्याच्या बाबांनी एल्डन रिंग कसा घेऊन दिला? त्याच्यावरपण एमच आहे." मुद्दा बिनतोड आहे. ईएसआरबी या अमेरिकन मंडळाने दोन्ही गेमना एकच शिक्का मारला आहे. नुसत्या वयावर बोट ठेवलं तर दोन्हींना 'नाही' म्हणावं लागेल, नाहीतर दोन्हींना 'हो'. आणि दोन्ही उत्तरं मला तरी चुकीची वाटतात.

पहिली शंका युरोपचं पेगी मंडळच आणून देतं. त्यांच्याकडे जीटीए फाइव्हला 18 आहे आणि एल्डन रिंगला 16. म्हणजे एका मंडळाने एकाच डब्यात टाकलेल्या गेमना दुसऱ्याने दोन डब्यांत ठेवलं. हा फरक कशामुळे पडला ते वयाच्या आकड्यात दिसत नाही, ते शिक्क्याशेजारच्या बारीक अक्षरांत असतं.

जीटीए फाइव्हवर ईएसआरबीने सात गोष्टी लिहिल्या आहेत: ब्लड अँड गोअर, इंटेन्स व्हायोलन्स, मॅच्युअर ह्यूमर, न्यूडिटी, स्ट्राँग लँग्वेज, स्ट्राँग सेक्शुअल कंटेंट आणि यूज ऑफ ड्रग्ज अँड अल्कोहोल. एल्डन रिंगवर चारच: ब्लड अँड गोअर, लँग्वेज, सजेस्टिव्ह थीम्स, व्हायोलन्स. पण सात जास्त की चार जास्त एवढाच हिशेब करू नका. नीट बघितलं तर याद्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या दिसतात, त्यामुळे पहिला शब्द सगळ्यात वाईट असंही समजायचं कारण नाही. खरी माहिती विशेषणांत आहे. नुसतं 'लँग्वेज' म्हणजे अधूनमधून येणारी सौम्य ते मध्यम शिवी. 'स्ट्राँग' लागलं की उघड किंवा वारंवार. 'व्हायोलन्स' म्हणजे मारामारी. त्याला 'इंटेन्स' लागलं की ती खरी वाटेल अशी दाखवलेली असते, माणसाच्या शरीराला होणाऱ्या इजेसकट. 'सजेस्टिव्ह थीम्स' ही लैंगिक बाजूची अगदी खालची पायरी, आणि 'स्ट्राँग सेक्शुअल कंटेंट' जवळजवळ वरची.

इथे एक अडचण येते. ब्लड अँड गोअर दोन्हींवर आहे आणि दोन्हीकडे ते खरं आहे. एल्डन रिंगमध्ये तलवारीने राक्षस कापले जातात, वाटेत प्रेतांचे ढीग आहेत, आणि गॉड्रिक नावाचा एक सरदार तर दुसऱ्यांचे हात तोडून स्वतःच्या अंगाला जोडून बसला आहे. किळस मोजायची म्हटली तर तो जीटीएपेक्षा वर जाईल. म्हणून या याद्यांवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. काय आहे ते यादी सांगते, पण ते कोण करतं आणि कशासाठी करतं हे सांगत नाही.

त्यासाठी एक पायरी आणखी खाली उतरायचं. esrb.org वर गेमचं नाव टाकलं की यादीच्या खाली Rating Summary नावाचा एक परिच्छेद येतो. पाच मिनिटांत वाचून होतो, पण बहुतेक जण तिथपर्यंत जातच नाहीत. जीटीए फाइव्हच्या परिच्छेदात एक वाक्य आहे ज्यावर माझा तराजू कलला: एका प्रसंगात माहिती काढून घेण्यासाठी एका माणसाचा छळ केला जातो, तो प्रसंग तीव्र आणि लांबलेला आहे, आणि पडद्यावरच्या सूचनांप्रमाणे खेळणाऱ्याला त्यात स्वतः भाग घ्यावा लागतो.

हे 'बाय द बुक' नावाचं मिशन. मुख्य कथेतलंच आहे, म्हणजे बाजूला टाकून पुढे जायचा सरळ रस्ता नाही. ट्रेव्हर हे पात्र खेळणाऱ्याच्या हातात असतं. खुर्चीला बांधलेला माणूस समोर, शेजारी हत्यारं: पाना, पक्कड, बॅटरीला जोडलेले चिमटे, पाण्याचा डबा. कुठलं उचलायचं ते खेळणारा ठरवतो. दात उपटायचा तर कंट्रोलरची काडी हलवून उपटायचा. माणसाचं हृदय बंद पडलं तर इंजेक्शन देऊन त्याला पुन्हा जागं करायचं आणि काम पुढे चालू. बघणं आणि करणं यातला फरक इथे अंगठ्याखाली जाणवतो.

गेमची बाजूही सांगायला हवी. हा प्रसंग छळाची टर उडवायलाच लिहिला आहे. नंतर ट्रेव्हर त्याच माणसाला गाडीत घालून विमानतळावर सोडायला निघतो आणि छळाने खरी माहिती मिळत नाही असं भाषण ठोकतो. मोठ्या माणसाला त्यातला उपरोध कळतो. चौदाव्या वर्षी काही मुलांना कळेलही, तुमचा मुलगा तुम्हाला जास्त माहीत. पण उपरोध कळण्याआधी अंगठा काम करून बसलेला असतो, आणि मला तेच खटकलं. नग्नता आणि शिव्या माझ्या लेखी दुय्यम होत्या. कुणाच्या घरात तोच मुख्य अडसर असेल, आणि त्यात काही गैर नाही. स्ट्रिप क्लब आणि पैसे देऊन बोलावलेली बाई या दोन्ही गोष्टी गेममध्ये आहेत, ऐकीव भानगड नव्हे.

परिच्छेदावर विश्वास बसत नसेल तर यूट्यूबवर मिशनच्या नावापुढे no commentary लिहून शोधा. मुलाला बरोबर न घेता, एकट्याने बघा. गेमचा पहिला तास बघून मत बनवू नका. तिथे बँक लुटणं आणि गाड्या पळवणं एवढंच आहे, आणि 'यात काय एवढं' असं वाटून आपण हो म्हणून जातो.

आता पोरांची ठरलेली पळवाट: "मी कथा खेळणारच नाही, नुसतं ऑनलाइन गाड्या पळवणार." छळाचं मिशन त्यात टळतं हे खरं. पण ऑनलाइन खेळणारे एकमेकांशी जे बोलतात-वागतात त्याला ईएसआरबीचं मोजमाप लागूच होत नाही, तसं ते स्वतःच छापतात: Online Interactions Not Rated by the ESRB. तिथे अनोळखी माणसं हेडफोनमधून थेट मुलाच्या कानात बोलतात. दोन खोल्यांच्या घरात आजी हॉलमध्ये मालिका बघत बसलेली असते, म्हणून मुलगा हेडफोन लावतो, आणि मग आपल्याला काहीच ऐकू येत नाही. शिवाय ऑनलाइनमध्ये कोकेन आणि मेथचा कारखाना चालवणं हा पैसे कमवायचा एक धंदा आहे, आणि ज्याला कमवायचा कंटाळा आला त्याच्यासाठी खऱ्या पैशांनी घ्यायची शार्क कार्डं आहेत. म्हणजे ही पळवाट आपल्याला आणखी वाईट गल्लीत नेते.

एल्डन रिंग मला बरा वाटला तो मुख्यतः बंद करता येणाऱ्या गोष्टींमुळे. गेमच्या मेनूतल्या System मध्ये Game Options खाली Display Blood असा पर्याय आहे, त्यात On, Mild आणि Off. Off केलं की रक्ताचे फवारे जातात. प्रेतं, तुटके हात आणि गॉड्रिक जात नाहीत, ही मर्यादा आधीच माहीत असू द्या. त्याच System मध्ये Network खाली Launch Setting आहे, तिथे Play Offline निवडलं की पुढच्या वेळेपासून गेम इंटरनेटशिवाय सुरू होतो. ऑनलाइन ठेवला तरी गेममध्ये आवाजी किंवा लेखी गप्पांची सोय नाही. जमिनीवर दुसऱ्यांनी सोडलेले निरोप दिसतात, आणि तेही गेमने दिलेल्या ठरावीक शब्दांतून जुळवलेले असतात. पोरं त्यातूनही चावटपणा साधतात, पण त्याची मजल फार जात नाही. जीटीएमध्ये रक्त घालवायचं किंवा शिव्या गाळायच्या असं कुठलंही बटण सेटिंग्जमध्ये नाही.

हातून काय घडतं हा प्रश्न एल्डन रिंगलाही विचारला पाहिजे. खेळणारा मारतो ते बहुतेक वेळा त्याच्यावर धावून येणाऱ्याला, आणि हत्यार तलवार, भाला किंवा मंत्र. शांतपणे बसलेल्या व्यापाऱ्यालाही मारता येतं. पण मारलं तर त्याचं दुकान बंद होतं, आणि तसं करायला कथा भाग पाडत नाही. अपवाद डंग ईटर नावाच्या पात्राच्या उपकथेचा. प्रेतांची विटंबना हाच त्याचा विषय आहे. ती पूर्णपणे ऐच्छिक आहे, तरी मुलाशी आधी बोलून ठेवलेलं बरं.

प्लेस्टेशन फाइव्ह असेल तर आणखी एक काम करा. मुलाचं खातं वेगळं काढा आणि Settings मधल्या Family and Parental Controls मध्ये जाऊन वयाची पातळी खालीच राहू द्या. एल्डन रिंगपुरती पातळी वर चढवायची नाही, त्या एका गेमला परवानगी द्यायची. पातळीच वाढवली तर दार त्या पातळीतल्या सगळ्याच गेमना उघडतं. महिन्याच्या खर्चाची मर्यादा तिथेच शून्य करून टाका. मुलगा तुमच्याच खात्यातून खेळत असेल तर यातलं काहीच लागू पडत नाही. 'आम्ही कंट्रोल लावलेत' म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत नेमकं हेच झालेलं असतं.

आमच्या घरी एल्डन रिंग आला, जीटीए पुढे ढकलला. पण एल्डन रिंगचा एक ताप तुमच्याकडेही येणार. या गेमला नेहमीसारखं पॉझचं बटण नाही. जेवायला हाक मारली की आतून "थांब, मरेन मी!" असा आवाज येतो, आणि तो बहाणा नसतो, मेनू उघडून ठेवला तरी राक्षस मारतच राहतो. त्यावर दोन उपाय. शत्रू आसपास नसतील तेव्हा System मधून Quit Game करायचं. जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू होतं, फक्त बॉसशी, म्हणजे टप्प्यावरच्या मोठ्या शत्रूशी, झुंज चालू असेल तर ती पहिल्यापासून. नाहीतर Equipment उघडून मदतीचं बटण दाबायचं आणि Menu Explanation निवडायचं. तो चौकोन पडद्यावर असेपर्यंत गेम खरोखर थांबतो. तेवढ्यात भाकरी खाऊन होते.