कपात करताना: शेवटी आलेला आधी, की गुणतक्ता?

भोसरीतला चौदा जणांचा वर्कशॉप धरा. ऑर्डर आटल्या, चार मशीन ऑपरेटरांपैकी एकाला कमी करायचंय.

पहिला मार्ग जुना: त्या गटात जो शेवटी रुजू झाला, तो आधी जातो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला हा नियम २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ठेवला आहे. तो मोडता येतो, पण कारण लेखी नोंदवावं लागतं. अडचण अशी, की शेवटी आलेला पोरगाच नव्या मशीनचं प्रोग्रामिंग जाणतो.

दुसरा मार्ग गुणतक्त्याचा. दोन सुपरवायझरांनी वेगवेगळे गुण द्यायचे: किती मशीन चालवता येतात, वर्षभरात किती माल रिजेक्ट झाला. 'वृत्ती'ला गुण नकोत, तिथे मर्जीच शिरते. हजेरी मोजलीत तर आजारपणाची रजा वगळा. आणि निकष नावं डोळ्यांसमोर येण्याआधी ठरवा; नाहीतर तक्ता म्हणजे आधीच निवडलेल्या माणसाला मागून चिकटवलेलं कारण.

खरा फरक समोरासमोर बसल्यावर कळतो. "काका, ऑर्डर कमी झाल्यात, तुमची जागा रद्द करतोय," हे पहिल्याच वाक्यात सांगावं. "मीच का?" याला सेवाज्येष्ठतेचं उत्तर एका ओळीत संपतं. तक्त्यात मात्र त्यांचे गुण दाखवावे लागतात, दुसऱ्याचे नाही. हिशेबाचा कागद तयार हवा: एक महिन्याची नोटीस किंवा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार.

मी ज्येष्ठताच धरेन, आणि प्रोग्रामिंगवाल्याला ठेवायचं असेल तर तेवढंच कारण लेखी नोंदवेन.