तेरीज जुळत नाही: फरक शोधत बसावं की सस्पेन्सला टाकून पुढे जावं?

मार्चअखेर हाताने लिहिलेल्या वह्यांची तेरीज काढली आणि नावे-जमेच्या बेरजा जुळल्या नाहीत, की दोन रस्ते असतात. पहिला म्हणजे फरक सापडेपर्यंत तेरीज उघडी ठेवायची, चूक ज्या पानावर झाली तिथेच ती सुधारायची आणि बेरजा जुळल्या की मगच नफातोटा पत्रक आणि ताळेबंदाला हात घालायचा. दुसरा म्हणजे जी बाजू कमी पडतेय त्या बाजूला फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यावर टाकून तेरीज बंद करायची, पुढचं काम सुरू करायचं आणि चुका सापडतील तशा जर्नल नोंदी करून ते खातं रिकामं करायचं.

दुकानांच्या आणि लहान संस्थांच्या वह्या लिहिताना मी दोन्ही रस्त्यांनी गेलो आहे. सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना हा पेच एवढा पडत नाही. टॅलीमध्ये एकतर्फी व्हाउचर जतनच होत नाही, त्यामुळे असा फरक बहुधा सुरुवातीच्या शिल्लका भरतानाच दिसतो, `Difference in opening balances` या ओळीत. पण खतावणी अजून हाताने लिहिली जाते अशा ठिकाणी हा निर्णय दर वर्षी घ्यावा लागतो.

पहिल्या रस्त्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. शंभर-सव्वाशे खाती असतील, नोंदी एकाच माणसाच्या हातच्या असतील आणि फरक त्याच दिवशी सापडण्यासारखा असेल, तर सस्पेन्स खातं उघडण्याची गरजच नाही. पुष्कळ फरक मुळात खतावणीत नसतातच. रोकड पुस्तकातली शिल्लक तेरजेत घ्यायची राहून गेलेली असते, एखाद्या खात्याची शिल्लक उलट्या बाजूला उतरलेली असते किंवा उधारीच्या यादीची बेरीज चुकलेली असते. म्हणून कुठलाही रस्ता धरला तरी आधी तेरजेच्या बेरजा पुन्हा मारायच्या, प्रत्येक शिल्लक खतावणीशी ताडून पाहायची आणि गेल्या वर्षीच्या ताळेबंदातून आणलेल्या शिल्लका तपासायच्या. फरक एवढ्यात गेला नाही, तरच पुढचा प्रश्न.

एका हार्डवेअरच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बेतले आहेत, पण चुका नेहमीच्याच आहेत. तेरजेत नावे बाजू १,२९० रुपयांनी कमी भरली. अशा वेळी आपण सगळे दोन ठरलेले ताळे लावतो. फरकाला दोनाने भागायचं, कारण रक्कम उलट्या बाजूला गेली असेल तर फरक तिच्या दुप्पट येतो. मग नवाने भाग जातो का ते पाहायचं, कारण शेजारचे आकडे उलटसुलट झाले तर फरकाला नवाने भाग जातो. १,२९० चे निम्मे ६४५, आणि त्या रकमेची नोंद वह्यांत कुठेच नाही. नवाने भाग जात नाही. दोन्ही ताळे फुकट गेले, आणि त्याचं कारण उघड आहे: हा फरक एका चुकीचा नव्हता.

इथे मी सस्पेन्स खात्याला १,२९० नावे टाकून तेरीज बंद करतो. बेरजा पुन्हा मारताना पहिली चूक मिळाली. ऑगस्टच्या खरेदी पुस्तकाची बेरीज १,००० रुपयांनी कमी आली होती. म्हणून खरेदी खाते नावे १,०००, सस्पेन्स खाते जमा १,०००. आता सस्पेन्सला २९० उरले. मग रोकड पुस्तक खतावणीशी ताडताना दुसरी सापडली. एका गिऱ्हाइकाकडून आलेले ५,७३० रुपये त्याच्या खात्यावर ५,३७० म्हणून जमा झाले होते. सस्पेन्स खाते नावे ३६०, गिऱ्हाइकाचं खातं जमा ३६०. आणि सस्पेन्सची शिल्लक २९० वरून ६५० वर गेली.

चूक सापडूनही फरक वाढला की नवखा माणूस बिचकतो. आपली दुरुस्तीच चुकली असं समजून ती मागे घेतो. पण इथेच वाट मोकळी होते. ६५० चे निम्मे ३२५. आता उलट्या बाजूला गेलेली ३२५ ची नोंद शोधायची, आणि ती लगेच हाती लागली. एका व्यापाऱ्याला दिलेले ३२५ रुपये त्याच्या खात्यावर नावे टाकायच्या ऐवजी जमा टाकले होते. व्यापाऱ्याचं खातं नावे ६५०, सस्पेन्स खाते जमा ६५०, आणि खातं बंद. ३२५ ची चूक पुसायला ३२५ आणि खरी नोंद करायला ३२५, म्हणून दुरुस्ती दुपटीची.

पहिल्या रस्त्यानेही याच तीन चुका सापडल्या असत्या. शोधण्याचं काम दोन्हीकडे सारखंच, त्यात सस्पेन्स खात्याची जादू काही नाही. माझा कौल ठरवला तो एका वैतागाने, आणि तो आहे पानावर जाऊन सुधारण्याचा.

ऑगस्टची बेरीज जागेवर सुधारायची म्हणजे काय काय करावं लागतं ते पाहा. खरेदी पुस्तकातली महिन्याची बेरीज बदलायची. खतावणीत खरेदी खात्यावर ऑगस्टला खतावलेला आकडा बदलायचा. मग त्या पानाची बेरीज, पुढच्या पानावर 'मागील पानावरून' म्हणून आणलेली बेरीज, त्याच्या पुढची, आणि असं थेट मार्चपर्यंत. प्रत्येक ठिकाणी एक आकडा काटलेला आणि वर लाल शाईत दुसरा. या खाडाखोडीत नवी चूक शिरायला कितीसा वेळ लागतो? आणि शिरली तर आता दोन थरांत शोधायचं.

गिऱ्हाइकाच्या खात्यावर हे आणखी नडतं. समजा सप्टेंबरमधली ती जमा चुकली आणि ऑक्टोबरमध्ये आपण त्याला खात्याचा उतारा दिला. त्या उताऱ्यात त्याच्याकडे ३६० रुपये जास्त निघत होते. मार्चमध्ये आपण सप्टेंबरची ओळ काटून सुधारली, की आपणच दिलेला उतारा आपल्याच वहीशी जुळेनासा होतो. गिऱ्हाईक तो कागद घेऊन दुकानात आलं तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला काहीच सांगता येत नाही. जर्नल नोंद केली असेल तर सप्टेंबरची ओळ होती तशीच राहते आणि ३१ मार्चच्या तारखेला खाली तपशील दिसतो: सप्टेंबरमध्ये आलेले ५,७३० चुकून ५,३७० जमा झाले होते, राहिलेले ३६० आता जमा. चूक काय होती, कधी सापडली आणि किती रकमेची होती, हे एका ओळीत कळतं.

माझ्यापुरतं पारडं इथेच झुकलं. तेरीज पूर्ण होण्याआधी, त्याच महिन्यात सापडलेली चूक जागेवर नीट काटून सही करून सुधारायला माझी हरकत नाही. पण पुढे बेरजा ओढल्या गेल्या असतील तर जुन्या पानाला हात लावू नये, असं मला वाटतं. सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी प्रणालीच वापरावी लागते. हाताच्या वहीत तो माग जर्नल नोंदीच ठेवतात.

सस्पेन्सच्या रस्त्यावरचे धोकेही सांगायला हवेत. पहिला, शिल्लक छोटी म्हणून चुका छोट्या असं नसतं. ५०,००० ची एक चूक नावे बाजूला आणि ४८,७१० ची दुसरी तिच्या उलट असेल तरी सस्पेन्सला तेच १,२९० दिसतील. त्यामुळे 'एवढ्याशा रकमेसाठी कशाला डोकं लावा' म्हणत ती खर्चाच्या एखाद्या खात्यावर काढून टाकणं मला अजिबात पटत नाही. खातं उघडं दिसत राहतं तोवर कुणीतरी त्याबद्दल विचारेल. किरकोळ खर्चात मिसळलं की विचारणारं कुणी उरत नाही.

दुसरा धोका सवयीचा आहे. सस्पेन्स खातं उघडलं की सापडलेली प्रत्येक चूक त्यातूनच सुधारायचा मोह होतो. एका व्यापाऱ्याची रक्कम त्याच बाजूला पण दुसऱ्याच व्यापाऱ्याच्या खात्यावर खतावली गेली असेल, तर तेरजेवर तिचा काहीच परिणाम झालेला नसतो. ती दुरुस्ती त्या दोन खात्यांतच होते. दुकानासाठी घेतलेलं फर्निचर फर्निचर खात्याऐवजी खरेदीला गेलं असेल तरी तसंच. नोंद करण्याआधी मी एकच पाहतो: या चुकीने नावे आणि जमा यांतली एकच बाजू बिघडली, किंवा दोन्ही असमान बिघडल्या का? तसं असेल तरच सस्पेन्स. हे न पाहता नोंद केली, तर खातं कधीच शून्यावर येत नाही, आणि ते का येत नाही हे शोधायला पुन्हा सगळ्या दुरुस्त्या तपासाव्या लागतात.

तिसरी गोष्ट नफ्याची. वरच्या तीन चुकांपैकी फक्त खरेदीच्या बेरजेची चूक नफ्याला लागते. खरेदी १,००० कमी धरल्याने नफा तेवढाच जास्त दिसतो. बाकीच्या दोन व्यक्तींच्या खात्यांवरच्या आहेत. म्हणून सस्पेन्सला शिल्लक ठेवून ताळेबंद करायची वेळ आली, तर निदान खरेदी, विक्री आणि खर्चाच्या बेरजा तरी आधी पुन्हा मारून घ्याव्यात. उरलेली नावे शिल्लक ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसेल, जमा असेल तर देण्याच्या बाजूला. चूक पुढच्या वर्षी सापडली, तर तोवर जुन्या वर्षाचं खरेदी खातं बंद झालेलं असतं. ते १,००० नफातोटा समायोजन खात्याला नावे टाकावे लागतात, नाहीतर नव्या वर्षाच्या खरेदीत जुनी खरेदी मिसळते. व्यक्तींच्या खात्यांचं तसं नाही. ती पुढे चालू असल्यामुळे त्यांची दुरुस्ती थेट त्यांच्यावरच होते.

तेव्हा वह्या लहान आणि फरक ताजा असेल तर खुशाल शोधत बसा. पण फरकाचा उगम मागच्या महिन्यांत दडलेला वाटत असेल, किंवा वह्या दोघा-तिघांच्या हातून गेल्या असतील, तर मी सस्पेन्स खातं उघडेन. त्याला खतावणीत स्वतंत्र पान देईन आणि फरक कोणत्या तारखेच्या तेरजेत आला ते पहिल्याच ओळीत लिहीन. मात्र गल्ल्यातली मोजलेली रोकड पुस्तकातल्या शिल्लकेपेक्षा कमी भरत असेल, तर ती रक्कम या खात्यावर घेऊ नका. तो तेरजेचा फरक नाही, आणि त्याचा जाब त्याच दिवशी विचारावा लागतो.