छोट्या काट्याचं भांडण: ब्रेल घड्याळ, एका पावसाळ्यानंतर

खानापूरचा पाऊस लागला आणि माझं ब्रेल घड्याळ बंद पडलं. दोष माझ्या मते झाकणाचाच. वेळ बघायला काच उचलायची म्हणजे तबकडी उघडी पडणार, आणि आमच्याकडच्या जून-जुलैच्या हवेत ओल आत शिरणारच. बेळगावातल्या एका दुकानात दिलं. घड्याळजी म्हणाले, मशीन गेलंय, नवीन घालतो. घातलं, पैसे घेतले, घड्याळ चालूही झालं. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला.

ज्यांनी हे घड्याळ वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या तबकडीवर बाराला तीन ठिपके आहेत, तीन, सहा आणि नऊला दोन-दोन, बाकी आकड्यांना एकेक. सेकंदकाटा नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याने चावी धरली की तिथे तीन, हे पक्कं होतं. मग तर्जनी मधल्या खिळ्यावर ठेवून हलकेच बाहेर न्यायची. जो काटा ठिपक्यांच्या अलीकडेच संपतो तो तासाचा, जो ठिपक्यांपर्यंत पोचतो तो मिनिटांचा. मिनिटं मोजताना जवळचा दोन ठिपक्यांचा आकडा धरायचा आणि तिथून एकेका ठिपक्याला पाच मिनिटं मोजायची. बोट काट्यावरून वरून फिरवायचं, बाजूने ढकलायचं नाही.

तर दुरुस्तीनंतर एके सकाळी स्टँडवर बोट फिरवलं. मोठा काटा अकरावर, छोटा आठच्या पुढे. म्हणजे आठ पंचावन्न! सव्वाआठची गाडी गेली म्हणून कपाळाला हात लावला. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी कुणाला तरी विचारलं, "टाइम एष्ट आत री?" उत्तर आलं, आठला पाच कमी.

गाडीत बसल्यावर पुन्हा चाचपलं तेव्हा गोम कळली. पंचावन्न मिनिटांना छोटा काटा पुढच्या आकड्याला जवळजवळ टेकलेला असतो, ओलांडलेला कधीच नसतो. माझा आठ ओलांडून पाव घर पुढे गेला होता. म्हणजे मशीन बरोबर चालतंय, काटाच चुकीचा बसवलाय. मोठा काटा बोटाने ढकलला गेला तर आतल्या चाकांमुळे छोटाही त्याच्याबरोबर फिरतो. तेव्हा वेळ चुकते, पण दोघांचं आपसात जमलेलं असतं आणि चुकलंय हे बोटाला कळतच नाही. छोटा काटा मात्र आपल्या नळीवर नुसता दाबून बसवलेला असतो. तो वाकडा बसला किंवा एकटाच सरकला, तरच दोघांत फूट पडते.

तपासायची सोपी रीत अशी. चावी ओढून मोठा काटा बरोबर बारावर आणायचा आणि छोटा सहाजवळ. दोन्ही काटे एका सरळ रेषेत लागले पाहिजेत. माझ्या घड्याळात छोटा सहाच्या पुढे, साताकडे एक तृतीयांश घर कललेला होता. तासकाट्याचं एक घर म्हणजे साठ मिनिटं, तेव्हा हा झाला वीस मिनिटांचा घोटाळा.

दुकानात गेलो. मामा म्हणाले, "दिसायला बरोबर आहे की!" म्हटलं, तुम्हाला दिसायला असेल, मला हाताला लागायला पाहिजे. तिथेच सहा वाजवून त्यांचं बोट दोन्ही काट्यांवरून फिरवलं. मग म्हणाले, काटा काढून परत लावायची मजुरी पडेल. का म्हणून? आधीची मजुरी कशाची घेतली होती? बराच वेळ वाजलं. शेवटी त्यांनी छोटा काटा उपटला, मोठा बारावर आणून छोटाही बारावर दाबला, आणि पैसे घेतले नाहीत. एवढं पाच मिनिटांचं काम!

या काळात पुतण्याने आणून दिलेलं स्वस्तातलं बोलकं घड्याळ वापरलं. आधी मी त्याला नावं ठेवायचो. दर तासाला बोलतं, आणि गजर लावला की कोंबडा आरवतो. हा कोंबडा भजनाच्या मध्येच आरवला तेव्हा सगळं देऊळ हसलं. पण पावसात झाकण उघडावं लागत नाही आणि छत्री धरलेल्या हाताने कळ दाबता येते, हे मान्य करायला हवं. मध्यरात्रीही बोट चाचपडत नाही. स्टँडच्या गोंगाटात मात्र कानाला लावूनही ऐकू येत नाही. बॅटरी बदलली की वेळ पुन्हा लावावी लागते, आणि आवाज घोगरा यायला लागला की बॅटरी संपत आली समजायचं.

आता पावसाळ्यात बोलकं, एरवी ब्रेल. घ्यायचं झालं तर बोलक्याचं तासाचं बोलणं आणि कोंबडा बंद होतो का, हे दुकानातच कळ दाबून बघा. ब्रेलचं घेताना, आणि दुरुस्तीहून आणताना तर नक्कीच, काउंटरवरच सहा वाजवून दोन्ही काटे एका रेषेत आहेत का ते चाचपून घ्या. पैसे त्यानंतर द्यायचे.