गच्चीचा वॉटरप्रूफ रंग: एका बादलीत होईल म्हणाले, तीस लिटर लागले (सात महिन्यांनंतर)

मे महिन्यात रंग लावला तेव्हाच लिहिणार होते, पण बरं झालं थांबले. जूनमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या दिल्या असत्या, आणि ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर चुकीच्या गोष्टीला दिल्या असत्या. आता पूर्ण पावसाळा आणि दिवाळीनंतरचा अवकाळीही त्या गच्चीवरून गेला आहे.

आमचं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत. गच्ची 620 चौरस फूट. त्यातली 400 जुनी, साध्या सिमेंटची. उरलेली 220 मागच्या खोलीवरची, नंतर बांधलेली, आणि तिच्यावर इकडे सगळीकडे असते तशी चायना मोझेक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवलेले. देवघराच्या छतावर तीन वर्षं ओल येत होती, म्हणून पांढरा, रबरासारखा ताणणारा, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक वॉटरप्रूफ रंग घ्यायचं ठरवलं. असे रंग बऱ्याच कंपन्या काढतात, नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला बोलायचं आहे ते बादलीवर छापलेल्या एका ओळीबद्दल: "2 हातांत प्रति लिटर 28 ते 32 चौरस फूट."

620 भागिले 30, म्हणजे साडेवीस लिटर. दुकानदार म्हणाले, "बेन, 20 लिटरची एक बादली घ्या, थोडं ताणून होऊन जाईल." मी घेतली.

आमच्या कडियाने, म्हणजे गवंड्याने, आधी वायर ब्रशने घासून शेवाळ काढलं, भेगा व्ही आकारात उघडून भरल्या, पॅरापेटच्या कडेचा सिमेंटचा तुटलेला गोलसर वाटा पुन्हा घेतला आणि सगळी गच्ची दोनदा धुतली. मी खडूने जुन्या भागावर शंभर-शंभर फुटांचे चार चौकोन आखले. मला माझ्या डोळ्यांनी मोजायचं होतं. पहिला हात पाचवा भाग पाणी घालून पातळ करायचा होता. दुधाच्या एक लिटरच्या मापाने आम्ही रंग काढत गेलो. पहिल्या चौकोनाला अडीच माप लागलं. दुसऱ्यालाही तेवढंच. कडिया रोलर उचलून म्हणाला, "बेन, आ छत तो रंग पी जाय छे." जुनं सिमेंट खरोखरच पीत होतं, रोलर पुढे सरकेपर्यंत मागचा पट्टा कोरडा दिसायचा. चारशे फुटांना 10 लिटर गेले. मोझेकवर मात्र तीन लिटरमध्ये सगळे 220 फूट झाले आणि तो भाग किती छान पांढराशुभ्र दिसतोय म्हणून मी खूश झाले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा हात पाणी न घालता. सिमेंटला शंभर फुटांमागे दोन लिटर धरले तरी आठ लागणार होते आणि बादलीत सात उरले होते. मोझेकचा दुसरा हात वेगळाच. तिथेच माझं डोकं फिरलं. दुकानात गेले तर तेच 10 लिटरचं पॅक लिटरमागे 30 रुपयांनी महाग. म्हणजे आधीच कोणी 30 लिटर सांगितले असते तर दुसरीकडे घासाघीस तरी केली असती. तिथेच दुकानदारांनी दुसऱ्या कंपनीची 20 ची बादली बरीच स्वस्त आहे म्हणून पुढे केली. उचलून पाहिली तर वर "20 किलो" लिहिलेलं. हे नीट पाहा हो! असा रंग पाण्यापेक्षा जड असतो, लिटरला साधारण 1.3 किलो, त्यामुळे 20 किलोत रंग भरतो जेमतेम 15 लिटर. दोन बादल्या शेजारी ठेवल्या की सारख्याच दिसतात. भाव विचारताना लिटर की किलो हे आधी विचारा.

शेवटी तेच 10 लिटर घेतले आणि दोन हात पूर्ण केले. मुंबईला पुतणीचं लग्न होतं, तिथून आल्यावर जूनमध्ये उरलेल्या सहा लिटरचा तिसरा हात फक्त सिमेंटच्या भागाला दिला. हिशेब असा: सिमेंटच्या 400 फुटांना 10, 8 आणि 6 मिळून 24 लिटर. दोन हातांपुरतं पाहिलं तर लिटरला 22 फूट, छापलेल्या तिसापेक्षा पाव हिस्सा कमी.

पहिले काही दिवस मी हे फसवणूक म्हणूनच सगळ्यांना सांगत होते. मग आमच्या मोठ्या दिरांनी, ते रंगाच्या कारखान्यात होते, कागदावर मांडून दाखवलं आणि माझं मत बदललं. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर, म्हणजे पावणेअकरा चौरस फुटांवर पसरला तर ओला थर बरोबर एक मिलिमीटरचा होतो. तोच लिटर 30 फुटांवर पसरला तर ओला थर 0.36 मिलिमीटर. माझ्या रंगात घनभाग निम्मा आहे, बाकी पाणी उडून जातं, म्हणजे सुकून राहतं 0.18 मिलिमीटर. लग्नपत्रिकेचा जाड कागदसुद्धा याहून जाड असतो. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला भिंत पांढरी करायची नाही, पाणी अडवायचंय. रंग कमी पुरला म्हणून रडू नका, जास्त पुरला असता तर रडायला हवं होतं." तीन हातांनी माझ्या सिमेंटच्या भागावर हिशेबाने 0.32 मिलिमीटर बसला, त्यातलाही काही रंग सिमेंटच्या पोटात गेलेला. आता मी उलट्या बाजूने मोजते: थर किती हवा ते माहितीपत्रकात बघायचं आणि त्यावरून लिटर काढायचे. छापलेली ओळ गुळगुळीत, न पिणाऱ्या पृष्ठभागासाठी असते, आणि तसं तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. ते बारीक लिहिलं याचा राग मात्र अजून आहे.

सुकण्याबद्दल थोडं. "4 तासांनी पुढचा हात" असं होतं. मे महिन्यात सकाळी अकराला लावलेला पट्टा तासाभरात सुकला, पण त्यावर तळलेल्या पापडासारखे फोड आले, कारण खाली स्लॅब तापलेला आणि वरची साय आधी धरली गेली. नंतर आम्ही सकाळी साडेसहाला, गच्ची ओल्या फडक्याने पुसून घेऊन सुरुवात करायचो आणि नऊला थांबायचो, मग फोड आले नाहीत. जूनचा तिसरा हात दमट हवेत लावला, तो दुसऱ्या दिवशीही अंगठ्याचं नख दाबलं की खळगा ठेवत होता. हा रंग त्यातलं पाणी उडून सुकतो, त्यामुळे हवेतच पाणी असलं की घड्याळातले तास उपयोगाचे नाहीत. नख दाबून पाहा. चौथ्या रात्री पहिली सर आली. तोवर बाकी सगळा घट्ट झाला होता, फक्त पाइपच्या तोंडाशी जिथे रंग जाड साचला होता तो मऊ राहिलेला, तो दुधासारखा पांढुरका झाला. तिथे आजही पाणी तुंबलं की मऊ पडतो, ओसरलं की पुन्हा ताठ होतो. तिथला उतारच कमी आहे, रंगाने उतार येत नाही.

आणि मग जुलै. जुन्या भागातून थेंब नाही! देवघराच्या ओलीच्या डागाभोवती मी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली होती, तो डाग हळूहळू सुकून पिवळट झाला. पण मागच्या खोलीत, जिथे कधीच मोठी ओल नव्हती, तिथे नवा डाग. वर जाऊन पाहिलं तर मोझेकवर एक ताटाएवढा फुगा, आत पाणी भरलेलं. बोटाने टोचला तर पाणी वाहिलं आणि रंगाची अख्खी चादर हातात आली, ताणली तर लांबली, तुटली नाही. रंगाच्या ताकदीत काही खोट नव्हती. खाली टाइल स्वच्छ, कोरी, चकचकीत.

मग मी दोन ठिकाणी एकच प्रयोग केला. ब्लेडने रंगावर उभ्या-आडव्या चौकडी रेघा मारल्या, सेलोटेप घट्ट चिकटवला आणि झटकन ओढला. सिमेंटवर टेप जवळजवळ कोरा आला. मोझेकवर चौकडीतले सगळे तुकडे टेपला चिकटून आले. टाइलच्या काचेसारख्या झिलईत रंगाला धरायला जागाच नाही. तो फक्त मधल्या सांध्यांच्या सिमेंटला धरून होता, आणि एका फुटलेल्या कडेतून पाणी आत गेलं की सांध्यांवरून पुढे सरकत सगळी चादर उचलतं. म्हणून तिथे रंग कमी लागला होता. आत कुठे गेलाच नव्हता. ज्या तीन लिटरांवर मी खूश झाले होते ते माझे वाया गेलेले तीन लिटर होते, दुसऱ्या हाताचे तीन मिळून सहा. बादलीवर "काँक्रीट, प्लास्टर, सिमेंटचे पत्रे" एवढंच लिहिलंय. मोझेक चालत नाही असंही नाही. गुजरातेत माल विकायचा, जिथे दर दुसरी गच्ची चायना मोझेकची, आणि झिलईच्या टाइलबद्दल एक शब्द नाही, याचा मला कव्हरेजच्या आकड्यापेक्षा जास्त राग आहे. पूर्वी मी याच रंगाला दोन तारे दिले असते. आता सिमेंटच्या गच्चीसाठी साडेचार, आणि मोझेकसाठी शून्य.

मोझेकचं शेवटी असं केलं. उघडीप बघून रंग खरवडून काढला, निम्मा तर हाताने सोलला गेला. टाइल घासून खरखरीत करून वर एपॉक्सी प्रायमर मारण्याचाही पर्याय होता, पण 220 फुटांचं ग्राइंडिंग आणि प्रायमर धरून खर्च रंगाच्या वर जात होता. मोझेकमध्ये टाइल गळत नाही, गळतात ते सांधे. म्हणून कडियाने टोकदार खिळ्याने भुसभुशीत सांधे खरवडले, ब्रशने धूळ काढली, ओले करून घेतले आणि पांढऱ्या सिमेंटमध्ये पाण्याबरोबर ॲक्रिलिक पॉलिमर मिसळून ते भरले. वरचा माल ओला असतानाच टाइल फडक्याने पुसून काढायची, नाहीतर नंतर निघत नाही. तीन दिवस पाणी शिंपडलं. मजुरी दोन दिवसांची, माल थोडासाच.

मागच्या खोलीतल्या डागाभोवतीही तेव्हा पेन्सिलची रेघ मारून ठेवली. दिवाळीनंतर दोन दिवस अवकाळी पडला, दुसऱ्या रात्री तर चांगलाच. सकाळी स्टुलावर चढून पाहिलं, डाग रेघेच्या आतच होता आणि हाताला कोरडा लागला. मोझेकचे चार कोपरे आणि पाइपचं तोंड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाहीन आणि इथेच खाली लिहीन.