100 जीबीच्या प्लॅनवर स्टीम: आठ महिन्यांचा अनुभव

चिपळूणजवळच्या आमच्या गावात केबलवाल्याचं इंटरनेट आहे. वेग 20 एमबीपीएस, महिन्याला 100 जीबी. ते संपले की वेग 1 एमबीपीएसवर येतो.

पहिल्याच महिन्यात फटका बसला. स्टीम या गेम विकत घेऊन उतरवायच्या ॲपवर नवा गेम आठवडाभर आधी प्रीलोड करून ठेवला होता, तरी रिलीजच्या दिवशी 22 जीबीचा पॅच आला. माझ्याकडे 14 जीबी उरले होते. 20 एमबीपीएसला तासाला साधारण 9 जीबी उतरतात, त्यामुळे ते दीड तासात संपले. उरलेल्या 8 जीबीला जवळपास 18 तास लागले.

पॅच पहिल्या दिवशीच का येतो, हे समजण्यासारखं आहे. दुकानात विकायच्या डिस्कवर जाणारी प्रत विक्रीच्या काही आठवडे आधी पक्की करावी लागते आणि त्यानंतरही दुरुस्त्या चालूच राहतात. पण तो एवढा मोठा का, हा प्रश्न मला जास्त छळत होता. स्टीम प्रत्येक फाईलचे साधारण 1 एमबीचे तुकडे पाडतं आणि बदललेले तेवढेच तुकडे पाठवतं. गेममध्ये मात्र हजारो टेक्श्चर आणि आवाज कित्येक जीबींच्या एकाच पॅक फाईलमध्ये कोंबलेले असतात. दुरुस्ती करून ती फाईल पुन्हा बांधताना आतला क्रम हलला, की जुने तुकडे जुळत नाहीत आणि न बदललेला मालही पुन्हा उतरवावा लागतो. दुरुस्ती वेगळ्या छोट्या पॅकमध्ये दिली तर हेच काम खूप कमी डेटात होतं. डेव्हलपरनी एवढी काळजी घ्यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट उशिरा कळली. डाउनलोडचा वेग शून्यावर आला की मी नेट गेलं समजून राउटर बंद-चालू करायचो. खरं तर तेव्हा स्टीम जुनी पॅक फाईल आणि नवे तुकडे जोडून हार्ड डिस्कवर नवी प्रत लिहीत असतं. `Downloads` पानावर डिस्कचा आकडा हलत असेल तर थांबावं. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर याला कधी कधी तासभर लागतो, आणि त्या प्रतीसाठी मोकळी जागाही ठेवावी लागते.

आता गेम उघडेपर्यंत अपडेट होऊ नये, अशी सेटिंग ठेवली आहे. मोठे पॅच मावसभावाच्या लॅपटॉपवरून घेतो. तो पुण्यात गेम अपडेट करून शनिवारी घरी येतो. 2023 पासून स्टीममध्ये `Local Network Game Transfers` आहे. दोन्ही लॅपटॉप एकाच राउटरवर, दोघांचं स्टीम चालू आणि एकमेकांच्या फ्रेंड लिस्टमध्ये असलो की फाईल घरातल्या घरात येतात. त्याची आवृत्ती ताजी हवी आणि त्या वेळी त्याने गेम खेळत बसू नये. एकदा तो अपडेट न करता आला, तेव्हा स्टीमने सगळं इंटरनेटवरूनच ओढायला घेतलं. मी लगेच थांबवलं. आता तो निघण्याआधी मी फोन करून आठवण करतो.