डायबिटीसमध्ये रोजच्या जेवणात काय ठेवायचं: पांढरा भात, ब्राऊन राईस की मिलेट?

घरात कुणाला शुगर निघाली की पहिला घाला भातावर येतो. पांढरा तांदूळ बंद, ब्राऊन राईस आणा, नाहीतर ज्वारी, बाजरी, नाचणी सुरू करा, असं जो तो सांगतो. आईला 58 व्या वर्षी टाइप 2 डायबिटीस निघाला तेव्हा आम्हीपण हेच केलं आणि दोन महिने फसलो, कारण धान्य बदललं पण ताटातलं प्रमाण तेच ठेवलं. तर ज्यांना आता ठरवायचंय की रोज काय खायचं, त्यांच्यासाठी तिन्हींची तुलना लिहितोय.

आधी फरक नेमका कुठे आहे ते बघू. तांदळाच्या दाण्यावरचं टरफल काढलं की ब्राऊन राईस मिळतो, आणि त्याच दाण्याचा कोंडा आणि अंकुर घासून काढला की पांढरा. म्हणजे आतला स्टार्च दोन्हीत तोच. कोंड्यासोबत फायबर, मॅग्नेशियम, बी गटातली व्हिटॅमिन्स जातात हे खरंय, पण साखर ज्याने वाढते तो भाग जवळपास तेवढाच राहतो. 100 ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात साधारण 28 ग्रॅम कार्ब्स असतात आणि ब्राऊनमध्ये साधारण 25. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे एखादा पदार्थ ग्लुकोजच्या तुलनेत रक्तातली साखर किती वर नेतो तो आकडा, आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या भाताचा सरासरी 73 आणि ब्राऊनचा 68 आहे. 55 पर्यंत कमी, 56 ते 69 मध्यम, 70 आणि त्यापुढे जास्त असं धरतात. त्यामुळे ब्राऊन राईस "मध्यम" गटात जातो खरा, पण फक्त 5 पॉइंटने, हे कुणी सांगत नाही.

उलट पांढऱ्या तांदळाच्या वेगवेगळ्या जातींमध्येच याहून मोठा फरक असतो. स्टार्चचे दोन प्रकार आहेत, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. ज्या तांदळात अमायलोज जास्त तो शिजल्यावर सुटा, मोकळा होतो आणि पचायला जरा वेळ घेतो, आणि जो गिचका चिकट होतो त्यात अमायलोपेक्टिन जास्त, तो झटकन साखरेत उतरतो. म्हणून लांब दाण्याचा मोकळा पांढरा भात हा काही वेळा मऊ शिजवलेल्या आखूड दाण्याच्या ब्राऊन राईसपेक्षा बरा ठरू शकतो. फक्त रंग बघून तांदूळ घेऊ नका एवढंच म्हणणंय.

आता मिलेट. कोरड्या धान्यात बघितलं तर ज्वारीत आणि नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 67 ग्रॅम कार्ब्स, बाजरीत 62 च्या आसपास, आणि पांढऱ्या तांदळात 78. फायबर मात्र तिन्ही मिलेटमध्ये 10-11 ग्रॅम आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम 3, त्यामुळे पोट भरल्यासारखं लवकर वाटतं आणि हा फायदा खरा आहे. पण त्याच आंतरराष्ट्रीय तक्त्यात मिलेटच्या पेजेचा आकडा 67 आहे, म्हणजे ब्राऊन राईसच्या शेजारीच!

असं का, तर धान्य कुठल्या रूपात पोटात जातंय त्यावर सगळं अवलंबून आहे. अख्खा दाणा शिजवला की पाचक रसांना आत शिरायला वेळ लागतो. त्याचं पीठ केलं की तो अडथळा बराचसा मोडतो, पीठ जितकं बारीक तितका जास्त. आणि ते पीठ पाण्यात शिजवून पातळ पेज केली तर स्टार्च पूर्ण फुललेला असतो, चावायला काहीच नसतं, घटाघट पिऊन होतं. नाचणीची पेज डायबिटीसला चांगली म्हणून रोज सकाळी वाटीभर पिणारी माणसं मी बघितलीत आणि त्यांची नाश्त्यानंतरची शुगर का वाढते हे त्यांना कळत नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण कॅल्शियम जास्त म्हणून साखर कमी वाढत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी फसगत पॉलिशची. वरी, राळे, सावा, कोद्रा ही बारीक मिलेट्स बरेचदा तांदळासारखीच घासून पांढरीशुभ्र करून विकतात. मग कोंडा गेला की फायबरही गेलं. दाणे हातावर घेऊन बघा, एकसारखे पांढरे आणि चकचकीत असतील तर पॉलिश झालेलं, थोडे मळकट, पिवळट किंवा करडे असतील आणि शिजायला जास्त वेळ घेत असतील तर कोंडा शिल्लक आहे.

आता आईचं सांगतो, म्हणजे आकड्यांचा अर्थ लागेल. ती फक्त मेटफॉर्मिन घ्यायची, इन्सुलिन नाही. दुपारी दोन भरगच्च वाट्या पांढरा भात आणि वरण. एक दिवस तो वजनकाट्यावर ठेवला तर 300 ग्रॅम भरला! म्हणजे 84 ग्रॅम कार्ब्स नुसत्या भाताचे. जेवणाआधी 118 असायची, दोन तासांनी 232. मग ब्राऊन राईस आणला आणि "हेल्दी आहे" म्हणून तेवढाच वाढला. 300 ग्रॅम म्हणजे 75 ग्रॅम कार्ब्स. दोन तासांनी 214. आम्ही खूश झालो, पण खरं तर तो फरक मोजण्यातलाच असू शकतो, कारण घरच्या ग्लुकोमीटरला 100 च्या वरच्या रीडिंगमध्ये 15 टक्क्यांपर्यंत चूक माफ असते, म्हणजे 214 आणि 232 हे मीटरच्या दृष्टीने जवळपास एकच.

मग ज्वारीची भाकरी. एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ धरलं तर 40 ग्रॅम कार्ब्स होतात, आणि आई दोन खायची म्हणजे परत 80. शुगर परत दोनशेच्या वरच. दोन भाकऱ्या आणि दोन वाट्या भात कार्ब्सच्या हिशोबात भाऊ-भाऊच निघाले की.

खरा बदल झाला तो यानंतर. पांढराच भात ठेवला पण निम्मा, 150 ग्रॅम, म्हणजे 42 ग्रॅम कार्ब्स. उरलेली जागा भाजीने आणि घट्ट डाळीने भरली, आणि क्रम बदलला, आधी भाजी आणि डाळ आणि भात सगळ्यात शेवटी. दोन तासांनी 171. एकच भाकरी आणि बाकी ताट तसंच ठेवलं तर 163. म्हणजे निम्मा पांढरा भात हा पूर्ण ब्राऊन राईसपेक्षा खूपच चांगला ठरला, आणि एक भाकरी त्याच्या बरोबरीची. भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ली की जेवणानंतरची उसळी कमी होते हे अभ्यासांतही दिसलंय, नुसता आमच्या घरचा अनुभव नाही.

त्यामुळे माझं मत विचाराल तर असं आहे. जो माणूस भात सोडूच शकत नाही त्याने मोकळा शिजणारा लांब दाण्याचा पांढरा भात वजन करून 120 ते 150 ग्रॅम खावा, ब्राऊनची सक्ती नको. ज्याला चव चालते आणि चावायला दात ठीक आहेत त्याने तेवढाच ब्राऊन खावा, थोडं फायबर आणि मॅग्नेशियम फुकट मिळतं. आणि ज्याला प्रमाण आवरत नाही, भात दिसला की ताट भरतो, त्याच्यासाठी मिलेट सगळ्यात बरं, कारण एका भाकरीवर किंवा अख्ख्या दाण्याच्या शिजवलेल्या ज्वारीवर पोट भरतं आणि "अजून एक" सहसा होत नाही. आईसारख्या दोन खाणाऱ्यांनी पहिली भाकरी संपवून जरा थांबावं.

ब्राऊन राईसचे काही त्रासही सांगतो. तो निदान अर्धा तास भिजवावा लागतो, अडीचपट पाणी लागतं, आणि पांढऱ्यासोबत मिसळून शिजवलात तर एक गिचका होतो आणि एक कच्चा, म्हणून वेगळे शिजवून मग मिसळा. कोंड्यात तेल असतं म्हणून तो लवकर खवट होतो, थोडा थोडा आणा, शक्य असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, आणि तेलकट जुनाट वास आला की टाकून द्या. शिवाय तांदळातलं आर्सेनिक जास्त करून कोंड्यात साठतं, त्यामुळे तिन्ही त्रिकाळ रोज ब्राऊन राईसच असं करू नका. भरपूर पाण्यात, साधारण सहापट, शिजवून पाणी ओतून दिलं तर ते बरंच कमी होतं.

भात शिजवून फ्रीजमध्ये थंड केला की काही स्टार्च न पचणारा होतो हेही खरं आहे पण फायदा लहान आहे, त्यावर विसंबून जास्त वाढून घेऊ नका. आणि भात तासाभरात थंड करून फ्रीजमध्ये गेला पाहिजे, रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही.

कुणाचं शरीर कशाला कसं वागेल हे तक्त्यात सापडत नाही, म्हणून मोजून बघा. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. पांढऱ्या भाताची उसळी कधीकधी तासाभरातच येऊन जाते, म्हणून एखाद्या दिवशी एक तासालाही बघा. एक दोन तासांत 180 च्या खाली राहणं हे बहुतेकांसाठी लक्ष्य धरतात, तुमचं वेगळं असेल तर डॉक्टर सांगतील. एकाच धान्याचं, एकाच वजनाचं, एकाच भाजी-डाळीबरोबरचं जेवण तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि मगच दुसऱ्याशी तुलना करा, नाहीतर एका रीडिंगवरून चांगलं-वाईट ठरवाल आणि ते चुकेल.

आणि दोन जणांनी हे सगळं स्वतःहून करू नये. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात त्यांनी भात एकदम निम्मा केला आणि डोस तोच ठेवला तर शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, तेव्हा बदलाआधी डॉक्टरांना फोन करा. आणि ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांना कोंड्यासकटच्या धान्यातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम मोजावं लागतं, कधीकधी त्यांना पांढरा भातच सांगितला जातो, तो ऐकून चिडू नका. थायरॉईडचा त्रास असेल तर रोज बाजरीच खायच्या आधीही एकदा विचारा, तिच्यातले काही घटक आयोडीन वापरण्यात अडथळा आणतात. आई आता आठवड्यात चार दिवस एक भाकरी आणि तीन दिवस 150 ग्रॅम पांढरा भात खाते, काटा ओट्यावरच असतो, आणि ब्राऊन राईसची उरलेली पिशवी संपल्यावर आम्ही परत आणली नाही.